साडेबाराला या, साडेनऊला निघा: इंदूरच्या एका कार्यालयाने वेळ बदलली तेव्हा

इंदूरच्या विजयनगर भागात हिशेबाचं काम करणारं एक कार्यालय आहे. मालक मराठी, माणसं 46. त्यात निम्मी मराठी, बाकीची हिंदी बोलणारी. काम सगळं इंग्लंडचं: तिथल्या लहान दुकानदारांची आणि ठेकेदारांची खाती लिहायची, व्हॅटची विवरणपत्रं तयार करायची, त्यांच्या नोकरांची पगारपत्रकं करायची. कार्यालय सुरू झाल्यापासून वेळ एकच होती, दुपारी दीड ते रात्री साडेदहा, बारा महिने. यंदा उन्हाळ्यासाठी ती साडेबारा ते साडेनऊ करायचं ठरलं. अशा लहान-मध्यम कार्यालयांचं नेमणुका, हजेरी आणि नियमावलीचं काम मी बाहेरून पाहते. त्यामुळे वेळबदलाच्या सूचनेचा कच्चा मसुदा माझ्याकडे आला आणि नंतरचं सगळं मी जवळून पाहिलं.

मसुदा तिथल्या प्रशासन अधिकाऱ्यांनी लिहिला होता आणि तो असा होता:

"सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार व कामाच्या सोयीच्या दृष्टीने कार्यालयाची वेळ एप्रिल महिन्यापासून एक तासाने बदलण्यात येत आहे. सर्वांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे. सूचनेचे पालन न केल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल."

भाषा शुद्ध आहे, शिष्टाचारही आहे. पण हे वाचून उद्या कुणाला आपल्या मुलाला शाळेतून आणायची सोय लावायची असेल तर लावता येणार नाही. एक तासाने म्हणजे लवकर की उशिरा? एप्रिलपासून म्हणजे एक तारखेपासून की पहिल्या सोमवारपासून? किती दिवसांसाठी? आणि का? "कामाच्या सोयीच्या दृष्टीने" हे कारण असं आहे की ते कुठल्याही निर्णयाला चिकटवता येतं, म्हणून कुणी ते कारण मानत नाही. खरं कारण कळलं नाही की माणसं स्वतः शोधतात. इथे तर सूचना निघायच्या आधीच दोन कारणं गटागटांत फिरत होती. एक, मोठा ग्राहक सोडून चालला आहे. दुसरं, रात्रीचा भत्ता वाचवायचा आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य होतं. त्याकडे मी पुढे येतेच, कारण सगळा पेच तिथेच होता.

आधी खरं कारण. ते अगदी साधं आहे, आणि तसंच सांगता येतं.

हिवाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात अंतर साडेचार तासांचं राहतं. 2026 मध्ये हे दोन रविवार म्हणजे 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून तिथले सकाळचे नऊ हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी अडीचला वाजतात आणि उन्हाळ्यात दीडला.

आता कार्यालयाची वेळ यावर ठेवून पाहा. हिवाळ्यात आपली माणसं दीडला बसतात तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात. ग्राहकाचं दुकान नऊला उघडतं. मधला एक तास या कामातला सगळ्यात मोलाचा. आदल्या संध्याकाळी ग्राहकाने कामगारांच्या तासांचा तक्ता पाठवलेला असतो. त्या तासात तो भरायचा, चुका शोधायच्या आणि पगारपत्रक मंजुरीसाठी तयार ठेवायचं. नऊ वाजता ग्राहक खुर्चीत बसतो, पत्रक बघतो, "बरोबर" म्हणतो, पगार वेळेत जातो. रात्री साडेदहाला आपण उठतो तेव्हा तिथे पाच वाजलेले असतात आणि तेही आवरत असतात.

हीच वेळ उन्हाळ्यात तशीच ठेवली तर आपण दीडला बसतो आणि त्याच क्षणी तिथे नऊ वाजतात. तयारीचा तास गेला. संगणक सुरू होतो तोच फोन वाजतो. रात्री साडेनऊला तिथे पाच वाजतात, पण आपण साडेदहापर्यंत बसतो. त्या तासात आलेल्या शंकेला उत्तर द्यायला पलीकडे कुणी नसतं. म्हणजे सकाळी लागणारा तास रात्री निकामी पडून राहतो. मागच्या उन्हाळ्यात एका ग्राहकाची मंजुरी रोज त्यांच्या दुपारी बारापर्यंत लांबत होती आणि त्याने लेखी विचारलं होतं की हिवाळ्यात जमतं ते उन्हाळ्यात का जमत नाही. वेळबदलाचा निर्णय तिथून आला.

हे कारण लपवण्यासारखं नाही, तरी मालकांना ते सूचनेत नको होतं. "ग्राहकाने तक्रार केली असं लिहिलं तर माणसं घाबरतील," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, तक्रार लिहूच नका. घड्याळ लिहा. तिथले नऊ वाजायच्या आत आपल्याला एक तास हवा आहे, एवढं लिहिलं की पुरे. कोणी विचारलं तर तोंडी सांगा, खरं ते सांगा." ते त्यांना पटलं. कारण सांगताना सगळी अंतर्गत कागदपत्रं उघडी करायची गरज नसते. जे सांगाल ते खरं असलं पाहिजे आणि निर्णयाला पुरेसं असलं पाहिजे. घड्याळाचं कारण दोन्ही बाबतींत पुरं पडत होतं, आणि ज्याला शंका असेल तो मोबाईलवर लंडनची वेळ बघून स्वतः पडताळू शकत होता.

मग तारखेचा प्रश्न. प्रशासन अधिकाऱ्यांना 1 एप्रिल हवी होती. त्यांची अडचण खरी होती: हजेरीचा महिना 1 तारखेला सुरू होतो, मशीनमधली वेळ एकदाच बदलावी लागते, पगाराचा हिशेब सरळ राहतो. आपल्याकडे बहुतेक बदल एक तारखेला होतात ते याच सवयीने. पण इथे 1 एप्रिल चुकीची होती. तिथलं घड्याळ रविवारी, 29 मार्चला बदलतं. आपल्या हिशेबाने त्या दिवशी सकाळी साडेसहाला. रविवारी कार्यालय बंद असतं, त्यामुळे नव्या अंतराचा पहिला कामाचा दिवस सोमवार, 30 मार्च. बदल 1 तारखेला केला असता तर सोमवार आणि मंगळवार जुन्या वेळेवर गेले असते, आणि तो महिनाअखेर होता, म्हणजे तिथल्या मासिक पगारांचे दिवस. त्यातून इंग्लंडचं करवर्ष 5 एप्रिलला संपतं आणि 6 एप्रिलला नवं सुरू होतं. यंदा शुक्रवार 3 एप्रिल गुड फ्रायडे आणि सोमवार 6 एप्रिल ईस्टर मंडे, दोन्ही दिवस तिथे सुट्टी. वर्षअखेरीचं काम त्याआधीच्या, 30 मार्च ते 2 एप्रिल या चार दिवसांत उरकायचं होतं, म्हणजे सोमवारचा एकेक तास मोजून वापरायचा होता. हजेरीच्या मशीनसाठी तो घालवणं शहाणपणाचं नव्हतं. मशीनमध्ये 30 आणि 31 मार्चसाठी वेगळी पाळी घालता येते, आणि ती घातली.

तारीख ठरल्यावर सूचना कधी काढायची हे ठरवणं सोपं झालं, कारण मागून मोजत यायचं होतं. कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ यांतला बदल हा कायद्यानेही नोटीस देण्याचा विषय आहे. औद्योगिक विवाद कायदा 1947 च्या कलम 9क मध्ये 21 दिवसांची मुदत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती तरतूद कलम 40 मध्ये आहे. व्याख्येत लिपिकाचं काम करणारेही कामगार धरले जातात, व्यवस्थापकीय काम करणारे नाहीत. हिशेब लिहिणाऱ्या माणसांना ही तरतूद लागू नाही असं गृहीत धरून चालणं धोक्याचं आहे. आपल्या कार्यालयाला ती नेमकी कशी लागू होते, नोटीस कोणत्या नमुन्यात द्यायची आणि तिची प्रत कुठे पाठवायची, हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारून घ्यावं. इथे तसंच केलं. सूचना शुक्रवारी, 6 मार्चला निघाली, धुळवडीची सुट्टी संपल्यावर आणि रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीच्या आधी. मध्ये 23 दिवस मोकळे राहिले. कायदा नसता तरी एवढे दिवस लागलेच असते. मुलांची रिक्षा, सासूबाईंची दवाखान्याची वेळ, संध्याकाळची शिकवणी हे सगळं चार दिवसांत हलत नाही.

आता पेच. कार्यालयाचा जुना नियम असा होता की रात्री दहानंतर थांबणाऱ्याला जेवणाचा भत्ता, दिवसाला 120 रुपये. साडेदहाला सुटत असल्यामुळे तो सगळ्यांनाच मिळत होता. महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर 2640 रुपये. साडेनऊला सुटलं की नियमाप्रमाणे भत्ता बंद. वेळ बदलण्यामागे हा हेतू नव्हता, हे मी कागदपत्रं पाहून सांगू शकते. पण परिणाम होता, आणि तो ज्याच्या खिशाला लागणार त्याच्यासाठी हेतू आणि परिणाम यांत फारसा फरक नसतो. मसुद्यात याबद्दल अक्षर नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "नियम तर नियमावलीत आहेच ना, ताई. वेगळं कशाला लिहायचं? उगाच आठवण करून दिल्यासारखं होईल."

माझं म्हणणं ठाम होतं आणि अजूनही आहे. वेळ बदलल्यामुळे पगारपत्रकावरचा कुठलाही आकडा बदलणार असेल तर तो त्याच सूचनेत, त्याच दिवशी, आकड्यासकट लिहिला पाहिजे. नाही लिहिला तर एप्रिलचा पगार मेच्या पहिल्या आठवड्यात हातात पडेल तेव्हा 2640 रुपये कमी दिसतील. त्या दिवशी माणसं मार्चची सूचना पुन्हा काढून वाचतील, आणि घड्याळाचं खरं कारणसुद्धा त्यांना थाप वाटेल. फिरणारी अफवा खरी ठरेल, तीही आपणच खरी ठरवलेली.

मालकांपुढे दोन वाटा होत्या: भत्त्याचा नियम बदलून तो चालू ठेवायचा, किंवा बंद करून तसं स्पष्ट लिहायचं. त्यांनी दुसरी निवडली. घरी जाऊन जेवता येईल अशा वेळी सोडत असताना जेवणाचा भत्ता देणं त्यांना पटत नव्हतं. मी पहिली निवडली असती. पण हा त्यांचा अधिकार आणि त्यांचा पैसा. सूचना लिहिणाऱ्याचं काम इतकंच, की निर्णय जो असेल तो अर्धा झाकून जाऊ नये.

सूचना इंग्रजी आणि हिंदीत निघाली. तिचा मजकूर मराठीत असा होतो:

विषय: सोमवार, 30 मार्च 2026 पासून कार्यालयाची वेळ दुपारी 12:30 ते रात्री 9:30

सोमवार, 30 मार्च 2026 पासून कार्यालयाची वेळ दुपारी 12:30 ते रात्री 9:30 राहील. सध्याची वेळ दुपारी 1:30 ते रात्री 10:30 आहे. म्हणजे सर्वांनी आतापेक्षा एक तास लवकर यायचे आहे आणि एक तास लवकर निघायचे आहे. जुन्या वेळेचा शेवटचा दिवस शुक्रवार, 27 मार्च.

कारण: 29 मार्चला इंग्लंडमधील घड्याळे एक तास पुढे होतात. त्यानंतर तिथले सकाळचे 9 आपल्याकडे 2:30 ऐवजी 1:30 ला वाजतील. ग्राहकांचे काम सुरू होण्यापूर्वी पगारपत्रके आणि शंका तयार ठेवण्यासाठी आपल्याला एक तास लागतो. जुनी वेळ ठेवली तर तो तास मिळत नाही.

ही वेळ शुक्रवार, 23 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. 25 ऑक्टोबरला तिथली घड्याळे मागे होतात, म्हणून सोमवार, 26 ऑक्टोबरपासून पुन्हा 1:30 ते 10:30 ही वेळ करण्याचे ठरले आहे. त्याची वेगळी सूचना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत निघेल.

काय बदलत नाही: एकूण तास, मूळ पगार, शनिवार-रविवारची सुट्टी, सुट्ट्यांचे नियम. महिला कर्मचाऱ्यांना घरी सोडणारी गाडी सुरू राहील. ती आता 9:40 ला निघेल.

काय बदलते: मोठी सुट्टी सायंकाळी 6 ऐवजी 5 वाजता होईल. रात्री 10 नंतर थांबणाऱ्यांसाठी असलेला 120 रुपयांचा जेवणाचा भत्ता 30 मार्चपासून नियमित दिवसांसाठी मिळणार नाही. कामासाठी 10 नंतर थांबवले गेल्यास त्या दिवसाचा भत्ता पूर्वीप्रमाणे मिळेल.

हजेरी मशीनमध्ये 30 मार्चपासून नवी वेळ असेल. 30 मार्च ते 3 एप्रिल या आठवड्यात उशिराची नोंद पगारातून कापली जाणार नाही.

या वेळेमुळे घरची अडचण येत असेल तर 16 मार्चपर्यंत प्रशासन अधिकाऱ्यांना भेटावे. ठरलेली सवलत लेखी दिली जाईल.

यातल्या दोन जागा मी मुद्दाम दाखवते. पहिली म्हणजे विषयाची ओळ. सूचना फोनवर येते आणि बहुतेकांना पडद्यावर तेवढी एकच ओळ दिसते. "कार्यालयीन वेळेतील बदलाबाबत" असं लिहिलं तर उघडल्याशिवाय काही कळत नाही, आणि गडबडीत उघडायचं राहून जातं. वार, तारीख आणि दोन्ही वेळा विषयातच आल्या की न उघडणाऱ्यालाही मुख्य गोष्ट कळते. दुसरी जागा म्हणजे "आतापेक्षा एक तास लवकर" हे वाक्य. तिथली घड्याळं पुढे जातात आणि आपल्याला मात्र आधी यावं लागतं, हे ऐकताना उलटं वाटतं. तोंडी सांगितलं तेव्हा चांगल्या जाणत्या माणसांनीही "म्हणजे अडीचला ना?" असं विचारलं. म्हणून कारणाच्या आधी नुसत्या वेळा लिहिल्या, आणि त्या नव्या-जुन्या शेजारी ठेवल्या.

कागद हातात देण्याआधी प्रत्येक गटाच्या प्रमुखाला त्याच दिवशी सकाळी बोलावून सांगितलं, दुपारी सगळ्यांना सूचना गेली. हे अंतर मुद्दाम दोन तासांचं ठेवलं. प्रमुखांना दोन दिवस आधी सांगितलं की "तुला म्हणून सांगतो" करत ते पसरतं, आणि प्रत्येक हातात तारीख थोडी बदलते. पण त्यांना काहीच न सांगणंही बरं नाही, कारण सूचना आल्याबरोबर माणसं आधी आपल्या प्रमुखाकडे बघतात. तो "मलाही आत्ताच कळलं" म्हणाला की सूचनेचं वजन गेलं.

दुपारी मालक स्वतः प्रत्येक गटासमोर उभे राहिले. भत्त्याचं त्यांनीच सांगितलं, तेही शेवटी घाईत न उरकता सुरुवातीलाच. नाराजी झाली. पगारपत्रकाच्या गटातल्या एका ज्येष्ठ माणसाने सरळ विचारलं, "सर, वेळ बदलायचं कारण पटलं. पण महिन्याला अडीच हजार जातात, त्याचं काय?" मालक म्हणाले, "जातात, खरं आहे. यंदा मी ते भरून देऊ शकत नाही. पगारवाढीच्या वेळी बोला, मी ऐकेन." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, चेहरे उतरलेलेच होते. पण तिथे भांडण जे व्हायचं ते 120 रुपयांवर झालं, लपवाछपवीवर झालं नाही. ग्राहक सोडून चालला आहे ही अफवा त्या दिवसानंतर मला ऐकू आली नाही.

सूचना नीट लिहिली गेली का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. पहिल्या दिवशी येणारे प्रश्न ऐकायचे. "कधीपासून?" "लवकर की उशिरा?" "कायमचं का?" असे प्रश्न आले तर कागद नापास, पुन्हा लिहा. "माझा मुलगा पावणेएकला शाळेतून सुटतो, मी काय करू?" असा प्रश्न आला तर कागदाने आपलं काम केलं. वाचणाऱ्याने वेळ समजून घेतली आणि ती स्वतःच्या दिवसावर ठेवून पाहिली. इथे बहुतेक प्रश्न दुसऱ्या जातीचे आले.

शाळेचा प्रश्न खरोखरच आला. सुदामानगरला राहणारी एक बाई व्हॅटच्या गटात होती. मुलगा पावणेएकला सुटायचा, त्याला सासूबाईंकडे सोडून ती दीडला पोचायची. साडेबाराला येणं तिला शक्य नव्हतं. तिच्या कामात सकाळच्या मंजुरीची घाई नसते, व्हॅटच्या विवरणपत्रांना मुदत असते पण ती तासांची नसते. म्हणून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत तिला जुनीच वेळ दिली, आणि दोन ओळींचं पत्र दिलं: कोणत्या तारखेपासून कधीपर्यंत, कोणती वेळ, घरी जायची सोय काय. रोज साडेदहापर्यंत थांबणार म्हणून तिचा भत्ताही सुरू राहिला, तेही पत्रात लिहिलं. गटातल्या बाकीच्यांना तिच्या संमतीने सांगितलं. अशी सवलत तोंडी ठेवली की महिनाभरात ती "त्यांना चालतं, आम्हाला नाही" अशी होऊन बसते, आणि प्रमुख बदलला तर त्या बाईच्या नावावर उशिराच्या नोंदी चढत जातात.

पगारपत्रकाच्या गटातल्या एकाने शिकवणीसाठी अशीच मागणी केली, पण दीडऐवजी अडीचला येतो म्हणाला. ती नाकारली. त्याचं काम नेमकं त्या पहिल्या तासातलं होतं. कारण त्याला समोर बसवून सांगितलं. देवासहून बसने येणारे दोघे मात्र खूश होते. साडेनऊला सुटल्यावर त्यांना घरी पोचायला मध्यरात्र होत नव्हती.

कर्मचाऱ्यांच्या यादीत नसलेली माणसं अशा वेळी हमखास राहून जातात. गाडीचा ड्रायव्हर, दाराशी बसणारा चौकीदार, टिफिन पोचवणारे भैया, संध्याकाळचा चहा आणणारा मुलगा, सफाईला येणाऱ्या मावशी. मावशी बारा ते एक झाडलोट करायच्या. नव्या वेळेत माणसं खुर्चीत बसलेली असताना झाडू फिरला असता. त्यांना अकराला यायला सांगावं लागलं, आणि अकराला कुलूप उघडायला चौकीदाराची पाळी बदलावी लागली. मोठी सुट्टी पाचला आल्यामुळे टिफिनही तासभर आधी हवा होता. या सगळ्यांशी प्रशासन अधिकारी स्वतः जाऊन बोलले आणि त्यांना तारीख लिहून दिली. रजेवर असलेल्या तिघांना ईमेल तर गेलाच, शिवाय फोन केला आणि फोन केल्याची नोंद ठेवली. त्यांतली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. ती जूनमध्ये येणार, म्हणजे तिच्यासाठी नवी वेळ हीच येण्याची वेळ असणार होती.

पोच घेताना "वाचले व मान्य आहे" असं छापू नका, असं मी सांगितलं. नुसतं "सूचना मिळाली" पुरे. भत्त्याबद्दल नाराज असलेल्या माणसाकडून मान्यतेची सही मागितली की तो सही अडवतो, आणि मग वेळेची सूचनाच वादात सापडते. सही हवी आहे ती कागद पोचल्याची.

शुक्रवारी, 27 मार्चला संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एकच ओळ गेली: "सोमवारी दुपारी 12:30." मध्ये शनिवार-रविवार असल्यामुळे ही आठवण फार कामाची. सोमवारी दोघे दीडला आले. एक जण आदल्या आठवडाभर गावी लग्नाला होता. फोन झाला होता, पण सवयीने निघाला. दुसऱ्याने फोन बंद ठेवला होता. पहिल्या आठवड्याची सवलत असल्यामुळे दोघांच्याही पगाराला धक्का लागला नाही. मशीनने मात्र आणखी एक गोष्ट दाखवली: व्हॅटच्या त्या बाईची जुनी वेळ त्यात घातलीच नव्हती, आणि तिच्या नावापुढे तासाभराचा उशीर पडला. पत्र हातात होतं म्हणून ते त्याच दुपारी दुरुस्त झालं.

मेमध्ये एप्रिलचा पगार झाला तेव्हा भत्ता का नाही, असं विचारायला कुणी आलं नाही. पगारवाढीच्या बैठकीत मात्र पगारपत्रकाच्या गटाने तो मुद्दा सगळ्यांत वर ठेवला आहे, आणि मालकांनी ऐकेन म्हटलेलं सगळ्यांना आठवतं. त्या बैठकीचं काय होईल ते अजून ठरायचं आहे.

ऑक्टोबरच्या सूचनेचा मसुदा आत्ताच करून ठेवला आहे. ती शुक्रवारी, 2 ऑक्टोबरला काढता येणार नाही, गांधी जयंतीची सुट्टी आहे. म्हणून गुरुवारी, 1 ऑक्टोबरला निघेल. 26 ऑक्टोबरपर्यंत 21 पेक्षा जास्त दिवस मिळतात. त्या वेळी निघायची वेळ पुन्हा रात्री साडेदहा होणार, म्हणून त्यात गाडीची वेळ आणि मार्ग वर घेतले आहेत. भत्ता परत सुरू होणार हेही आकड्यासकट लिहिलं आहे.